आरोह-अवरोह म्हणजे नक्की काय? शिकणाऱ्यांकडून सारखे येणारे प्रश्न

गाणं शिकायला लागलेले लोक मला जे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात ते एकदाचे इथे एकत्र लिहिलेत. उदाहरणाला मुद्दाम एकच राग धरलाय, भीमपलास, कारण त्यात चढायचा रस्ता वेगळा आणि उतरायचा वेगळा, आणि चूक झाली की लगेच कळतं. बाकीचे राग गरजेपुरते येतील.

लिहिण्याबद्दल एवढंच की मंद्र सप्तकातल्या, म्हणजे खालच्या, स्वराखाली टिंब दिलंय (नि़), तार सा वर अनुस्वार दिलाय (सां). कोमल-तीव्र मी शब्दात सांगेन. भीमपलासात ग आणि नि कायम कोमल, बाकी सगळे शुद्ध, हे एकदा डोक्यात ठेवा, दरवेळी लिहीत बसत नाही.

१. सर म्हणाले "आधी आरोह-अवरोह पाठ करून ये". म्हणजे नक्की काय पाठ करायचं?

आरोह म्हणजे चढणं. ध्वजारोहण, गिर्यारोहण यातला आरोहण तोच. अवरोह म्हणजे उतरणं. रागात खालच्या सा कडून वरच्या सां कडे जाताना कोणते स्वर कोणत्या क्रमाने घ्यायचे तो आरोह, आणि सां वरून परत खाली येताना कोणते घ्यायचे तो अवरोह.

भीमपलासाचा असा:

आरोह: नि़ सा ग म प नि सां
अवरोह: सां नि ध प म ग रे सा

आता हे मोठ्याने तीनदा म्हणा. जाताना रे आणि ध नव्हते, येताना आले. पाठ करायचं ते हे. स्वरांची नुसती यादी पाठ झाली तर अर्धंच काम झालं, कोणता स्वर कुठल्या दिशेला चालतो हे पाठ व्हायला हवं.

२. चढताना जे स्वर घेतले तेच उलटे म्हटले की अवरोह होत नाही का? दोन्ही वेगळं कशाला पाठ करायचं?

काही रागांत होतो. भूप घ्या, सा रे ग प ध सां वर गेलात आणि तेच उलटं सां ध प ग रे सा म्हणत आलात की झालं. बहुतेकांना पहिल्या काही रागांत भूप असतोच, त्यामुळे डोक्यात बसतं की अवरोह म्हणजे उलटा आरोह, आणि मग पुढे भीमपलास, बिहाग, देस आले की गाडी अडते. भीमपलासात आरोह उलटा म्हणत खाली आलात, म्हणजे सां नि प म ग सा असं, तर समोरच्याला धानी ऐकू येईल, कारण धानी हा रे आणि ध न घेणारा राग आहे. (काही जण धानीत उतरताना थोडासा रे घेतात, ते सध्या बाजूला ठेवू.)

३. मग आरोह-अवरोह म्हणजे त्या रागाची स्केलच ना? थाट आणि आरोह-अवरोह एकच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. स्केल म्हटलं की एक शिडी डोळ्यासमोर येते, सगळ्या पायऱ्या चढताना पण त्याच आणि उतरताना पण त्याच. थाट साधारण तसाच असतो. पं. भातखंड्यांनी रागांची वर्गवारी करायला दहा थाट धरले, प्रत्येकात सात स्वर, आणि थाट गायचा नसतोच, तो कपाटातला कप्पा समजा. भीमपलास काफी थाटात ठेवलाय कारण त्याला लागणारे सातही स्वर काफी थाटात मिळतात, ग नि कोमल बाकी शुद्ध.

पण काफी नावाचा रागही आहे, आणि तो ढोबळमानाने सा रे ग म प ध नि सां असा सरळ चढतो आणि सरळ उतरतो. म्हणजे स्वर बघितले तर काफी आणि भीमपलास यांच्यात एकही स्वर वेगळा नाही! फरक एवढाच की भीमपलासात वर जाताना रे आणि ध ला परवानगी नाही. थाट सांगतो सामान काय आहे, आरोह-अवरोह सांगतात ते कधी वापरायचं.

मी शिकत असताना एकदा आलापात बिनधास्त सा रे ग म करत वर गेले, सूर सगळे नीट लागलेले, मी खूश, आणि आमच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "छान. पण भीमपलास कुठे गेला? हा काफी आलाय."

४. "आरोहात रे वर्ज्य" म्हणजे वर जाताना रे अजिबातच गायचा नाही? पण गाताना तर आपण सारखं वर-खाली करतो, मग आरोह कुठे संपला हे कसं ठरवायचं?

हा सगळ्यात चांगला प्रश्न आहे आणि याचं उत्तर नीट कुणी देत नाही म्हणून जरा लांबण लावते.

आरोह म्हणजे खालच्या सा पासून वरच्या सां पर्यंतची एकच मोठी चढण, असं समजलात तर पंचाईत होते, कारण असं सरळसोट गाणं कोणी गात नाही. दोन स्वर वर, तीन खाली, परत चार वर, असंच चाललेलं असतं. म्हणून दिशा प्रत्येक छोट्या तुकड्यात बघायची. मी एक साधी युक्ती वापरते: स्वर कुठून आला ते बघू नका, तो पुढे कुठे जातोय ते बघा. रे नंतर तुम्ही खाली गेलात तर तो अवरोहातला रे, चालतो. रे नंतर वर गेलात तर तो आरोहातला रे, भीमपलासात चालत नाही.

आता तीन तुकडे बघू.

पहिला: म ग रे सा, नि़ सा ग म. इथे रे नंतर सा आला, म्हणजे खाली गेलो. मग सा वरून परत चढताना रे टाळून सरळ ग धरला. अगदी बरोबर.

दुसरा: म ग रे ग म. पहिले तीन स्वर उतरतायत म्हणून वाटतं की रे चालेल, पण तो रे परत ग कडे वळला, म्हणजे रे ग म अशी चढण तयार झाली. चूक. नवीन माणसाच्या नव्वद टक्के चुका इथेच होतात, उतरता उतरता विचार बदलतो आणि रे वरूनच यू-टर्न मारला जातो. वळायचं असेल तर ग वरून वळा (म ग म), नाहीतर सा किंवा नि़ पर्यंत खाली जाऊन मग वळा.

तिसरा: म ग रे सा, रे नि़ सा. इथे दुसरा रे सा च्या वर आहे, म्हणजे आपण सा वरून रे ला चढलो. तरी चालतं, कारण रे वरून लगेच नि़ ला उतरलो. कुठून आला ते बघू नका म्हटलं ते यासाठीच.

ध चं अगदी तसंच. नि ध प चालतं. प ध नि सां चालत नाही, तिथे काफी डोकावतो, आणि प सोडून म ध नि सां केलंत तर ऐकणारा म्हणेल बागेश्री सुरू झाला का. म प ध प असं केलं तर युक्तीप्रमाणे बसतं, ध नंतर खालीच आलो, पण प्रत्यक्षात तिथे ध ला वरून नि चा स्पर्श देऊन घेतात, नाहीतर ते कोरडं लागतं. या स्पर्शाला कण म्हणतात, त्याबद्दल प्रश्न ९ मध्ये.

आणखी एक. चालतो म्हणजे तिथे बसायचं असं नाही. भीमपलासात रे आणि ध वर मुक्काम करत नाहीत, ते उतरतानाचे पायरीचे स्वर. थांबायला म आहे, प आहे, सा आहे. म तर या रागाचा वादी, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचा स्वर.

५. पण मुळात रे आणि ध च का गाळले? कुणी ठरवलं?

कुणी एका माणसाने ठरवलं असं नाही. पण त्यात एक गंमत आहे जी दिसली की पाठांतर अर्धं होतं.

सप्तकाचे दोन तुकडे करा, सा ते म आणि प ते सां. चढताना खालच्या तुकड्यात सा ग म, वरच्या तुकड्यात प नि सां. पेटीवर पट्ट्या मोजून बघा (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून): सा वरून कोमल ग तिसरी पट्टी, तिथून म दुसरी. प वरून कोमल नि तिसरी, तिथून सां दुसरी. तंतोतंत तेच अंतर! उतरताना सां नि ध प आणि म ग रे सा, इथेही दोन, एक, दोन असंच. म्हणजे वरचा तुकडा हा खालच्या तुकड्याची नक्कल आहे, खाली रे ला जे काम तेच वर ध ला. म्हणून दोघं एकत्र गाळले जातात आणि एकत्र परत येतात. खालचा अर्धा राग गळ्यात बसला की वरचा अर्धा जवळजवळ फुकट मिळतो.

आणि हा सांगाडा फक्त भीमपलासाचा नाही. जाताना रे ध गाळायचे, येताना सातही घ्यायचे, हे पटदीप, मधुवंती, मुलतानी, बिहाग सगळ्यांत आहे. भीमपलासात नि शुद्ध केला की पटदीपाचे स्वर. पटदीपात म तीव्र केला की मधुवंतीचे. मधुवंतीत रे आणि ध कोमल केले की मुलतानीचे. आणि सगळे स्वर शुद्ध ठेवले की बिहाग (त्यात वर थोडा तीव्र म पण येतो). स्वर बदलले की राग तयार होतो असं मात्र समजू नका, चाल प्रत्येकाची वेगळी, पण आरोह-अवरोह पाठ करायला एकाच खुंटीवर पाच राग टांगता येतात.

६. आरोह सा पासून सुरू व्हायला हवा ना? मग वहीत नि़ पासून का लिहून दिलाय?

कारण भीमपलासात सा ला पोचायची सवयीची वाट खालच्या नि़ वरून आहे. नि़ सा ग म म्हटलं की दोन-तीन सेकंदात राग उभा राहतो, सा ग म ने तेवढा राहत नाही. काही पुस्तकांत सा पासूनच लिहिलेला सापडेल, तेही चूक नाही. परीक्षेला तुमच्या सरांनी दिलाय तसा लिहा.

७. औडव-संपूर्ण हे काय प्रकरण आहे?

मोजणी आहे फक्त. पाच स्वर म्हणजे औडव, सहा म्हणजे षाडव, सात म्हणजे संपूर्ण. आधी आरोहाची मोजणी, मग अवरोहाची. भीमपलासाच्या आरोहात सा ग म प नि पाच आणि अवरोहात सात, म्हणून औडव-संपूर्ण. सा आणि सां वेगळे मोजायचे नाहीत, नि़ आणि नि पण एकच. शुद्ध आणि कोमल असे दोन्ही नि असतील तरी मोजताना एकच नि धरतात, म्हणून वृंदावनी सारंग दोन नि घेऊनही औडव-औडवच राहतो.

८. तानेत एवढा विचार करायला वेळ कुठे असतो? तिथे पण आरोह-अवरोह पाळायचा का?

हो, तिथे तर जास्तच, कारण वेगात चूक लपत नाही, उलट राग पटकन घसरतो. पण विचार करायचा नसतो, हाताला वळण लागतं तसं गळ्याला वळण लागायला हवं. एक साधी तान बघा, दुगुनीत म्हणजे एका मात्रेत दोन स्वर:

निसा गम पनि सांनि | धप मग रेसा निसा

(पहिला आणि शेवटचा नि मंद्रातला.) सोळा स्वर, आठ मात्रा, तीनतालाचं अर्धं आवर्तन. सां वर टेकून लगेच वळलोय आणि वळल्यानंतरच ध दिसला.

हे सोपं होतं कारण एकदाच वर आणि एकदाच खाली. आता मध्ये वळणं असलेली:

गम पनि धप मप | गम गरे सा

प नि नंतर उतरायला लागलो म्हणून ध आला, म पर्यंत आलो, परत प ला चढलो (म प चालतं, त्यात वर्ज्य काही नाही), प वरून एकदम ग ला आलो, ग म ने एक हेलकावा आणि मग ग रे सा. रे आणि ध प्रत्येकी एकदाच आले आणि दोन्ही वेळा त्यांच्यानंतर खालचा स्वर होता. स्वतः तान बनवलीत की ही तपासणी करा, कागदावर लिहून प्रत्येक रे आणि ध ला गोल करायचा आणि उजवीकडचा स्वर बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि सरांचं बोलणं वाचतं.

९. मींड घेताना मधले सगळे स्वर घासून जातातच की. सा वरून ग ला मींडेने गेलो तर मध्ये रे लागला, मग नियम मोडला का?

नाही. मींडेत आवाज मधून जातो पण रे वर तो थांबत नाही, कानाला रे असा वेगळा ऐकू येत नाही. रे ऐकू आला तर मोडला. भीमपलासात ग ला म चा आणि नि ला सां चा हलका स्पर्श देतात, म्हणजे मूळ स्वरावर जायच्या आधी शेजारच्या स्वराला निसटतं शिवायचं, यालाच कण म्हणतात. कणस्वर आरोह-अवरोहाच्या मोजणीत धरत नाहीत.

पण एक राग सांगते जिथे हेच सगळं गणित आहे. शुद्ध कल्याण वर जाताना भूपासारखाच जातो, सा रे ग प ध सां. खाली येताना सां वरून ध कडे मींड, त्यात नि अलगद, आणि प वरून ग कडे मींड, त्यात तीव्र म अलगद. म्हणजे आरोह तोच, फरक अवरोहात, आणि तोही मींडेत लपलेला. त्या मींडा सरळ करून टाकल्या की लोकांना भूपच ऐकू येणार.

१०. देस, खमाज यात दोन नि आहेत. आरोहात शुद्ध आणि अवरोहात कोमल एवढं पुरे का?

सुरुवातीला पुरे. सां च्या अगदी लगत खाली शुद्ध नि असतो, तो सां कडे ओढतो, म्हणून वर जाताना तो गोड लागतो. म्हणून खमाजात ग म प ध नि सां शुद्ध, आणि सां नि ध प कोमल.

अडचण कुठे येते, तर नि पर्यंत चढलो पण सां ला गेलोच नाही तेव्हा. म प ध नि ध प असं काहीतरी. लोक म्हणतात "चढत होतो की, मग शुद्ध नि घेतला". इथे पण प्रश्न ४ मधलीच युक्ती, पुढे कुठे जातोय बघा. नि नंतर सां आला तर शुद्ध, नि नंतर ध आला तर कोमल. म्हणून या तुकड्यात कोमल नि. चूक ओळखायची खूण अशी की शुद्ध नि वरून ध प ला उतरलात तर त्या जागी खमाज नाहीसा होऊन एकदम बिलावलसारखं काहीतरी वाजतं.

ही दोन नि वाल्या रागांची गोष्ट आहे बरं का. भीमपलासात चढताना पण नि कोमलच. सवयीने शुद्ध नि लावलात तर पटदीप (प्रश्न ५).

११. आमच्या बाईंनी गौड सारंगचा आरोह दिला तो वर जायच्या ऐवजी खाली-वर खाली-वर करतो. हा आरोह कसा काय?

याला वक्र म्हणतात, वाकडा. गौड सारंगात सा, ग रे म ग, प म ध प असं जातात (प नंतरचा म तीव्र). एकेक जोडी बघितली तर दर वेळी एक पाऊल मागे येतंय, पण एकंदर वर सरकतंयच, घाटातला रस्ता कसा वळत वळत वर जातो तसं. अशा रागात आरोह सरळ लिहून देताच येत नाही, दिला तर खोटा ठरतो. ग रे म ग हा अख्खा तुकडा म्हणजेच राग, तो सुटा करून रे ग म केलात तर संपलं.

आणि हो, इथे प्रश्न ४ ची युक्ती लावू नका, ती सरळ चालीच्या रागांसाठी आहे. वक्र रागात तुकडे जसेच्या तसे गळ्यात बसवायचे, दुसरा मार्ग नाही.

१२. भूप आणि देशकार दोन्हींचा आरोह-अवरोह अगदी सारखा आहे. मग फरक कसा करायचा? की हे पुस्तकातली चूक आहे?

चूक नाही. सा रे ग प ध सां, सां ध प ग रे सा, दोघांचंही. आरोह-अवरोह इथे हात टेकतात. रस्ता तोच आहे, पण कोण कुठे थांबतो ते वेगळं. भूप ग वर बसतो आणि जास्त खालच्या भागात फिरतो: सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. देशकाराचा जीव ध वर आणि वरच्या भागात: ध, ग प ध, सां ध, प. देशकारात रे थोडकाच, उतरताना भरकन जातो. भूपात वादी ग आणि त्याच्या खालोखाल महत्त्वाचा, म्हणजे संवादी, ध, देशकारात उलट. भूप रात्री, देशकार सकाळी.

कानाने तपासायचं तर एखादी मिनिटभराची आलापी ऐका आणि बोटावर मोजा की गायक ग वर किती वेळा थांबला आणि ध वर किती. उत्तर मिळतं.

१३. फक्त आरोह वेगळा आणि अवरोह सारखा असे राग असतात का?

असतात. आसावरी आणि जौनपुरी दोघंही सां नि ध प म ग रे सा असेच उतरतात (ग ध नि कोमल, आसावरी शुद्ध रे ची धरलीय). चढताना आसावरी ग आणि नि दोन्ही गाळते, सा रे म प ध सां. जौनपुरी फक्त ग गाळते, नि घेते, सा रे म प ध नि सां. उलटं उदाहरण, आरोह सारखा आणि अवरोह वेगळा, ते प्रश्न ९ मध्ये आलंय.

१४. जुन्या सरांनी यमनचा आरोह सा रे ग म प ध नि सां दिला होता, नवीन सर म्हणतात नि़ रे ग म ध नि सां. कोण बरोबर?

दोघंही (म दोन्हीकडे तीव्र). जुन्या सरांनी तुम्हाला यमनचे स्वर दाखवले, नवीन सर यमन चालतो कसा ते दाखवतायत. यमनात चढताना सा आणि प टाळून जायची पद्धत आहे, पण सवय म्हणून. प वर्ज्य नाही, ग म प असं चढून प वर खुशाल थांबतात.

हा फरक लक्षात घ्या, खूप जण इथे फसतात. भीमपलासाच्या आरोहात रे नाही म्हणजे *नाहीच*. यमनच्या आरोहात प लिहिला नाही म्हणजे बहुतेकदा टाळतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, गाळलेला स्वर. म्हणून आरोह लिहून घेताना सरांना एक प्रश्न विचारायचाच: "हा स्वर वर्ज्य आहे की नुसता टाळायचा?" आणि उत्तर वहीत बाजूला लिहून ठेवायचं.

१५. एका मोठ्या गायकांच्या भीमपलासात मला आरोहात स्पष्ट रे ऐकू आला. त्यांना चालतं मग आम्हाला का नाही?

आधी तो तुकडा हळू करून परत ऐका. बऱ्याचदा तो रे पुढे खालीच गेलेला असतो (प्रश्न ४ चा तिसरा तुकडा), किंवा तो कण असतो, किंवा मींड. तरीही खरंच रे ग म असेल, तर तो मुद्दाम असू शकतो. राग पूर्ण उभा झाल्यावर क्षणभर शेजारच्या रागाची सावली दाखवायची आणि लगेच परत यायचं, याला तिरोभाव म्हणतात, आणि परत येण्याला आविर्भाव. त्यानंतरचे चार-पाच सेकंद ऐका, मूळ रागाची ठसठशीत ओळ यायला हवी. ती आली तर तिरोभाव, नाही आली तर मोठ्या माणसांचीही पकड सुटते कधीकधी.

१६. सगळं कळलं, पाठ पण आहे, पण गायला लागलं की रे घुसतोच. काय करू?

सरळ आरोह-अवरोह शंभर वेळा म्हणून हे जात नाही, कारण चूक सरळ चढणीत होतच नाही, ती वळणावर होते. म्हणून वळणांचाच रियाज करा. नि़ सा ग रे सा. नि़ सा ग म ग रे सा. नि़ सा ग म प म ग रे सा. नि़ सा ग म प नि ध प म ग रे सा. प्रत्येक ओळ एक स्वर जास्त चढते आणि तिथूनच वळते, आणि प्रत्येक वेळी खाली सा ला टेकून परत नि़ पासून चढायचं. लय इतकी कमी ठेवा की ग म्हणायच्या आधी "आता वळायचंय" हे मनात म्हणता यावं. चौथ्या ओळीत नि नंतर ध पहिल्यांदा येतो, तिथे बहुतेकांचा गळा प वरूनच ध ला उडी मारायला बघतो, तेवढी एक जागा वेगळी काढून प नि, प नि ध प, प नि सां नि ध प असं घोटा.

तंबोरा लावून, पेटी बंद ठेवून करा. पेटीवर बोट आपोआप चुकीच्या पट्टीवरून उडी मारतं आणि तुम्हाला वाटतं गळ्याला जमलं.